फ्रीलान्सिंग स्वतःच्या नावावर करायचं की फर्म काढायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कर सल्लागाराचं काम करताना मार्च आणि जुलै या दोन महिन्यांत हे प्रश्न सर्वात जास्त कानावर पडतात. विचारणारे बहुतेक एकटे काम करणारे असतात: वेब डेव्हलपर, इंटिरियर डिझायनर, तांत्रिक सल्ला देणारे इंजिनिअर. आकडे आर्थिक वर्ष 2025-26 च्या नियमांप्रमाणे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. इथे लोकांच्या तोंडी असलेले जुनेच क्रमांक ठेवले आहेत.

मी अजून काहीच रजिस्टर केलेलं नाही. म्हणजे माझा धंदा बेकायदा आहे का?

नाही. ज्या दिवशी तुम्ही पहिलं बिल पाठवलंत, त्याच दिवशी तुम्ही प्रोप्रायटर झालात. प्रोप्रायटरशिपसाठी वेगळा कायदा नाही, वेगळं रजिस्ट्रेशन नाही आणि वेगळा पॅनही नाही. तुम्ही आणि तुमचा धंदा कायद्याच्या नजरेत एकच.

पुढचं सगळं यावरच उभं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडे टीडीएस, जीएसटी, बँक खातं, कर्जाची पात्रता हे सगळं पॅनला चिकटलेलं असतं. प्रोप्रायटर असेपर्यंत तो पॅन तुमचा. भागीदारी फर्म, कंपनी किंवा एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी काढलीत की नवा पॅन येतो, म्हणजे एक नवा करदाता जन्माला येतो. त्याचं खातं वेगळं, रिटर्न वेगळं आणि त्याच्या खात्यातला पैसा आपोआप तुमचा होत नाही. तेव्हा प्रश्न नुसत्या नावाचा नाही. दुसरा पॅन सांभाळायची गरज आहे का, एवढाच खरा प्रश्न आहे.

पण क्लायंट म्हणतो "फर्मच्या नावाचं बिल द्या". मग फर्म काढावीच लागेल ना?

बहुतेक वेळा नाही. त्याला चालू खातं आणि नावाचं लेटरहेड हवं असतं. तेवढं प्रोप्रायटर म्हणूनही मिळतं. फर्मच्या नावाने चालू खातं उघडायला बँक धंद्याचे दोन पुरावे मागते. आपल्याकडे ते सहसा असे निघतात:

- उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंद. udyamregistration.gov.in वर आधार आणि पॅनवर होते, पूर्णपणे मोफत. यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या खासगी साइट्स सरकारी नाहीत.
- शॉप ॲक्ट. महाराष्ट्रात 2017 च्या कायद्यानुसार एकट्याने काम करणाऱ्याला किंवा हाताखाली मोजकी माणसं असणाऱ्याला परवाना लागत नाही. ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती ठेवायची. बोलीत सगळे त्या पावतीलाच शॉप ॲक्ट म्हणतात.

जीएसटी नंबर असेल तर तोही चालतो. पावतीवर, उद्यमवर आणि बँकेच्या अर्जावर फर्मचं नाव अक्षरशः एकसारखं लिहा. एकीकडे "डिझाइन स्टुडिओ" आणि दुसरीकडे "डिझाईन स्टुडिओज" झालं की बँकेच्या दोन-तीन फेऱ्या पक्क्या. आणखी एक: फर्मच्या नावाचा चेक बचत खात्यात जमा होत नाही. बिलावर नवं नाव छापण्याआधी खातं उघडून घ्या.

काही मोठ्या कंपन्यांचा नियमच असतो की व्हेंडर कंपनी किंवा एलएलपी हवा. तिथे वाद घालून उपयोग नाही. मात्र तो एक क्लायंट वर्षाला किती देतो आणि नव्या पॅनचा खर्च किती, हे कागदावर मांडून मगच निर्णय घ्या.

कर कुठे कमी बसतो? आकड्यांत सांगा.

समजा एक वेब डेव्हलपर आहे. वर्षाची जमा 28 लाख, सगळी बँकेतून आणि जीएसटी वगळून. खरा खर्च 5 लाख. नवी करप्रणाली धरू.

प्रोप्रायटर म्हणून तिला कलम 44एडीए वापरता येतं. ठरावीक व्यवसायांना यात जमेच्या निम्मी रक्कम नफा धरण्याची मुभा आहे. माहिती तंत्रज्ञान त्या यादीत आहे. 28 लाखांचे निम्मे 14 लाख. पहिल्या 4 लाखांवर शून्य, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के म्हणजे 40,000 आणि उरलेल्या 2 लाखांवर 15 टक्के म्हणजे 30,000. बेरीज 90,000. त्यावर 4 टक्के सेस धरून 93,600 रुपये. तिच्या हातात खरे 23 लाख उरलेत आणि कर फक्त 14 लाखांवर बसला.

आता तिने नवऱ्याला नावापुरता भागीदार घेऊन एलएलपी काढली असं धरा. एलएलपीला 44एडीए मिळत नाही, त्यामुळे खरा नफा दाखवावा लागतो. हिशेब, रिटर्न आणि फॉर्म यांचे वरचे 60,000 धरले तर 22.4 लाख उरतात. यातून काम करणाऱ्या भागीदाराला पगार देता येतो, पण त्याला मर्यादा आहे: नफ्याच्या पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के, म्हणजे 5.4 लाख, आणि उरलेल्या 16.4 लाखांवर 60 टक्के, म्हणजे 9.84 लाख. एकूण 15.24 लाख. एलएलपीकडे 7.16 लाख राहतात. त्यावर पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि सेस, म्हणजे 31.2 टक्के: साधारण 2,23,000. तिच्या पगारावर वेगळा कर साधारण 1,13,000. दोन्ही मिळून 3,36,000. वर ते 60,000 आहेतच.

वन पर्सन कंपनीतही चित्र फार सुधारत नाही. ऑडिट आणि इतर खर्चाचे 80,000 वजा करून उरलेले सगळे 22.2 लाख तिने पगार म्हणून घेतले, तर 75,000 ची प्रमाणित वजावट धरूनही तिला 2,45,700 रुपये कर भरावा लागतो.

तेव्हा "कंपनी काढली की टॅक्स वाचतो" हे वाक्य या डेव्हलपरला तरी लागू पडत नाही. तिचं मोठं नुकसान होतं.

साधी भागीदारी फर्मही 44एडीए वापरू शकते असं ऐकलंय. मग तीच काढली तर?

वापरू शकते, एलएलपी सोडून. पण फर्मला तुमच्याआमच्यासारखे टप्पे नसतात. वरच्याच उदाहरणात 14 लाखांवर सरसकट 31.2 टक्के लावा: 4,36,800. शिवाय 44एडीए घेतलं की भागीदारांचा पगार त्या निम्म्यातून आणखी वजा करता येत नाही. ऐकायला सोपा आणि खिशाला सर्वात महाग पर्याय हाच.

मी कंटेंट लिहिते, भाषांतरं करते. मलाही 44एडीए मिळेल?

यादीत कायदा, वैद्यकीय, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, इंटिरियर, माहिती तंत्रज्ञान, चित्रपट कलाकार असे व्यवसाय आहेत. लेखन-भाषांतर त्यात सरळ बसत नाही. यादीबाहेरचे लोक बरेचदा धंद्यासाठीचं कलम 44एडी वापरतात. त्यात बँकेतून आलेल्या जमेवर किमान 6 टक्के नफा दाखवायचा असतो. पण 6 टक्के ही परवानगी आहे, सल्ला नव्हे. लॅपटॉप आणि इंटरनेट सोडून काही खर्च नसताना 20 लाखांच्या जमेवर सव्वा लाख नफा दाखवलात आणि खात्यात 15 लाख शिल्लक दिसली, की प्रश्न विचारला गेला तर उत्तर सापडत नाही. रिटर्न भरण्याआधी कामाचं स्वरूप आणि कोड सीएकडून ठरवून घ्या, नंतर नाही.

मग एलएलपी किंवा कंपनी कधी काढावी?

मला तीन प्रसंग पटतात.

पहिला, जमा 44एडीएच्या मर्यादेबाहेर जायला लागली तर. ही मर्यादा 50 लाख आहे. रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाख. त्यापुढे निम्म्याची सवलत संपते, पूर्ण हिशेब आणि कर लेखापरीक्षण आलंच. म्हणजे प्रोप्रायटरशिपचा सर्वात मोठा फायदा तिथेच सुटतो आणि कंपनीचा वरखर्च तुलनेने किरकोळ वाटू लागतो.

दुसरा, कमाईतला बराच पैसा तुम्हाला घरी न्यायचा नसेल तर. व्यक्तीचं उत्पन्न 24 लाखांपुढे गेलं की वरच्या प्रत्येक रुपयाला 31.2 टक्के लागतात. कंपनीने कलम 115बीएए निवडलं तर सरचार्ज आणि सेस धरून 25.168 टक्के लागतात. फरक आहे, पण पैसा कंपनीत राहिला, त्यातून माणसं नेमली, यंत्रं घेतली, तरच तो टिकतो. लाभांश म्हणून बाहेर काढलात की तुमच्या हातात पुन्हा कर.

तिसरा आणि माझ्या मते सर्वात खरा: दुसरं माणूस खरोखर कामात वाटेकरी असेल तर. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

आम्ही दोघं मित्र मिळून काम करतो. बिलं माझ्या नावावर जातात आणि मी मित्राला त्याचा वाटा जी-पे करतो. चालतं ना?

चालत असतं, मोठी रक्कम येईपर्यंत. हा घोळ इतक्यांदा पाहिलाय की सावकाश सांगतो.

समजा वर्षाची बिलं 30 लाखांची, सगळी तुमच्या नावावर. मित्राला 14 लाख दिले, तुमच्याकडे 16 राहिले. क्लायंटने टीडीएस तुमच्या पॅनवर कापला, त्यामुळे पॅनवर कापलेला कर दाखवणाऱ्या 26एएस विवरणात 30 लाख तुमचेच दिसतात. 44एडीएमध्ये तुमचा नफा 15 लाख. मित्राने प्रामाणिकपणे 14 लाख दाखवले तर त्याचा नफा 7 लाख. दोघांनी मिळून कमावले 30 लाख, पण जमा मात्र 44 लाखांची मोजली गेली. शिवाय जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादा तुम्ही ओलांडलीत, त्याने नाही.

पैशांपेक्षा वाईट म्हणजे पुराव्याचा भाग. बिल तुमचं, करार तुमचा, खातं तुमचं. काम बिघडलं आणि क्लायंट नुकसानभरपाई मागायला आला, तर तो फक्त तुमच्याकडे येईल. उद्या मित्राशी फाटलं, तर त्याच्याकडे आपला वाटा सिद्ध करायला जी-पेचे स्क्रीनशॉट सोडून काही नाही.

इथे दोन वाटा आहेत. तुम्ही मुख्य आणि तो सबकॉन्ट्रॅक्टर असाल, तर त्याने प्रत्येक कामाचं बिल तुम्हाला द्यावं आणि दर आधी ठरावा. अशा रचनेत तुमचा खर्च जमेच्या निम्म्याहून जास्त असेल तर 44एडीए तोट्याचं ठरतं. त्यापेक्षा कमी नफा दाखवायचा तर हिशेब ठेवून ऑडिट करून घ्यावं लागतं. खरोखरचे बरोबरीचे भागीदार असाल तर सरळ एलएलपी करा. तिथे दोघंही काम करत असल्याने पगार दोघांत विभागतो आणि कराचं गणितही सुधारतं. वरच्या एलएलपीच्या उदाहरणात 15.24 लाखांचा पगार दोघांत निम्मा-निम्मा झाला असता, तर 12 लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे, दुसरं उत्पन्न नसेल तर, दोघांच्याही हातात कर शून्य. एकूण 3,36,000 चे 2,23,000 झाले असते.

मग बायकोला भागीदार दाखवून पगार काढला तर तेच झालं की!

हा प्रश्न विचारताना प्रत्येक जण आवाज खाली करतो. भागीदारी करायला हरकत नाही. पण ती व्यक्ती काम करत नसेल, किंवा त्या कामाचं शिक्षण वा अनुभव नसेल, तर तिला दिलेला पगार तुमच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. ती खरंच हिशेब सांभाळत असेल, क्लायंटशी बोलत असेल, तर ईमेल, बिलं आणि करारात ते दिसू द्या.

एलएलपीऐवजी साधा भागीदारी करारनामा केला तर स्वस्त पडेल ना?

पडेल. पण दोन गोष्टी डोक्यात असू द्या. 1932 च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार फर्मच्या देण्याला स्वतःच्या मालमत्तेसकट जबाबदार असतो. म्हणजे मित्राने केलेल्या चुकीसाठी तुमचा फ्लॅटही. दुसरी, फर्म रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवलेली नसेल तर पैसे बुडवणाऱ्या क्लायंटवर करारावरून दावा लावता येत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे म्हणून बरेच जण नोटरी करून थांबतात आणि बिल थकल्यावर जागे होतात.

एलएलपीत माझं घर सुरक्षित राहतं ना?

भागीदाराच्या चुकीपासून आणि धंद्याच्या देण्यापासून, हो. तुमच्या स्वतःच्या निष्काळजीपणापासून आणि फसवणुकीपासून, नाही. बँकेचं कर्ज घ्याल तेव्हा ती बहुधा तुमची वैयक्तिक हमी मागेलच, आणि सही केलीत की भिंत पडली. एकट्याने काम करणाऱ्या फ्रीलान्सरचा मोठा धोका क्लायंटच्या करारातल्या नुकसानभरपाईच्या कलमात असतो. "माझी जबाबदारी या कामाच्या फीपुरती मर्यादित" हे एक वाक्य घालून घेतलंत, तर घराचं जे रक्षण होतं ते बऱ्याचदा एलएलपीपेक्षा जास्त असतं. तेही फुकटात.

फर्म काढल्यावर नेमकी कुठली कामं वाढतात?

सर्वात जास्त फसवतो तो टीडीएस. प्रोप्रायटरची मागच्या वर्षाची व्यावसायिक जमा 50 लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा दुसऱ्याचा टीडीएस कापावा लागत नाही. फर्म, एलएलपी किंवा कंपनीला पहिल्या दिवसापासून कापावा लागतो: ऑफिसच्या भाड्यावर, सबकॉन्ट्रॅक्टरच्या बिलावर, सीएच्या फीवर, अर्थात त्या त्या मर्यादेपलीकडे. 1 एप्रिल 2025 पासून भागीदाराच्या स्वतःच्या पगारावरही, वर्षाला 20,000 च्या वर गेला की 10 टक्के. त्यासाठी टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा वेगळा नंबर, घ्यायचा, दर महिन्याला भरणा, दर तिमाहीला रिटर्न. रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये, जास्तीत जास्त कापलेल्या टीडीएसइतके. नवी फर्म पहिल्याच वर्षी पैसे इथे घालवते, कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

मग वर्षाचे फॉर्म. एलएलपीचा फॉर्म 11 मे अखेरीस आणि फॉर्म 8 ऑक्टोबर अखेरीस, धंदा शून्य असला तरी. उलाढाल 40 लाख आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याखाली ऑडिट लागत नाही. कंपनीला मात्र एक रुपयाची उलाढाल असली तरी ऑडिट लागतं आणि तिच्या वार्षिक फॉर्मला उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. बंद पडलेली कंपनी "असू दे तशीच" म्हणून सोडून दिलेल्यांची बिलं मी पाहिली आहेत.

अगाऊ कराचंही तसंच. 44एडीएवाल्याला सगळा अगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकदम भरता येतो. एलएलपी आणि कंपनीला चार हप्ते.

परदेशी क्लायंट आहेत. प्रोप्रायटर म्हणून चालेल?

आरामात. अमेरिकेचा क्लायंट फॉर्म मागतो तेव्हा प्रोप्रायटर W-8BEN भरतो. W-8BEN-E कंपन्या आणि फर्मसाठी असतो. जीएसटी घेतला असेल तर दर आर्थिक वर्षाला नवं एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र, भरा, मग निर्यातीच्या बिलावर कर न लावता काम होतं. 31 मार्चला जुनं संपतं आणि एप्रिलची बिलं बिनएलयूटीची जातात, ही नेहमीची चूक.

20 लाखांची जीएसटी मर्यादा फर्म काढून दुप्पट होते का?

नव्या पॅनला नवी मर्यादा, हे खरं. पण एकच काम, एकच क्लायंट, एकच माणूस आणि दोन पॅनवर अर्धी-अर्धी बिलं, असं उघड वाटप केलंत तर ते टिकत नाही. उलट बाजूला लोक एक विसरतात: प्रोप्रायटरची मर्यादा पॅनवर मोजतात. गाळ्याचं भाडं येत असेल तर तेही फ्रीलान्सिंगच्या जमेत मिळवा.

पैसे थकवणाऱ्या क्लायंटपुढे फर्मचं वजन पडतं ना?

वजन उद्यम नोंदणीचं पडतं, आणि ती प्रोप्रायटरलाही मिळते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर 15 दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत क्लायंटला त्या खर्चाची करवजावट मिळत नाही. म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उद्यम क्रमांकासकट पाठवलेली आठवण त्याच्या अकाउंट्स खात्यात लगेच वाचली जाते. अट एकच: नोंदणी काम करण्याआधीची हवी.

ठरवलं, एलएलपीच करायची. कधी आणि कशी वळू?

1 एप्रिल धरा. वर्षाच्या मध्ये वळलात तर एका वर्षाचे दोन हिशेब होतात. जानेवारी-फेब्रुवारीतच नावाची मंजुरी, डिजिटल सही आणि एलएलपी करार उरकून घ्या. पॅन, टॅन आणि बँक खातं हातात आलं की प्रत्येक क्लायंटला लेखी कळवा: 1 एप्रिलपासून व्हेंडर बदलला, हा नवा पॅन, हा नवा जीएसटी नंबर, हे नवं खातं. जुन्या करारांचं नाव आपोआप बदलत नाही. नवा करार किंवा हस्तांतराचं पत्र लागतं.

त्यातलं "नवा पॅन" सर्वात आधी तपासा. क्लायंटच्या अकाउंट्सवाल्याने व्हेंडरच्या नोंदीत तो बदलला नाही, तर एलएलपीच्या बिलाचा टीडीएस तुमच्या जुन्या पॅनवर जातो. पुढच्या वर्षी जुलैमध्ये रिटर्न भरताना एलएलपीच्या 26एएसमध्ये पैसा नाही, तुमच्यात उगाच आहे, आणि क्लायंटला सुधारित रिटर्न भरायला लावण्यात तीन महिने जातात. म्हणून ऑगस्टमध्ये, पहिल्या तिमाहीचा टीडीएस दिसायला लागला की, दोन्ही पॅनचे 26एएस शेजारी उघडून बघा.

गृहकर्ज घ्यायचं असेल तर वळण्याआधी घ्या. बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न बघते आणि नव्या एलएलपीला तितकी वर्षं नसतात.